दोन-दोन-तीनचा रोटा : 60 तासांचा आठवडा आणि 42 ची सरासरी

मिहानमध्ये मॉनिटरिंग रूमच्या कामाला लागलेल्या नव्या पोरापोरींसाठी लिहितोय, कारण पहिल्या महिन्यात जो घोळ माझ्या डोक्यात झाला तोच दरवर्षी नव्या बॅचच्या डोक्यात होताना बघतो. आमच्याकडे बारा तासांच्या शिफ्ट, सकाळी 7 ते संध्याकाळी 7 आणि संध्याकाळी 7 ते सकाळी 7, टीम चार, आणि रोटा दोन-दोन-तीनचा.

म्हणजे कसं, तर सोमवार-मंगळवार काम, बुधवार-गुरुवार सुट्टी, शुक्रवार-शनिवार-रविवार काम. पुढच्या आठवड्यात बरोबर उलटं, सोमवार-मंगळवार सुट्टी, बुधवार-गुरुवार काम आणि शुक्रवार ते रविवार सलग तीन दिवस सुट्टी. असे 14 दिवस झाले की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही घरी असता तेव्हा तुमची जोडीची टीम कामावर असते, आणि उरलेल्या दोन टीम अशाच रात्र सांभाळतात. आमच्याकडे 28 दिवसांत 14 दिवस दिवसपाळीचे आणि 14 दिवस रात्रपाळीचे असं फिरतं.

14 दिवसांत 7 शिफ्ट, गुणिले 12, म्हणजे 84 तास, भागिले 2 म्हणजे आठवड्याला सरासरी 42. हा 42 आकडा कोणी ठरवलेला नाही, आठवड्यात एकूण तासच 168 आहेत आणि ते चार टीममध्ये सारखे वाटले की 42 येणारच, त्यामुळे चार टीमवर चोवीस तास चालणारं कोणतंही काम घ्या, रोटा कसाही फिरवा, सरासरी तीच राहते. बदलतं ते एवढंच की ते तास कुठे गोळा होतात.

आता माझा घोळ. मी एका सोमवारी जॉइन झालो, आणि पहिल्या रविवारी रात्री डायरीत मोजलं तर 5 शिफ्ट, 60 तास. ऑफर लेटरमध्ये लिहिलं होतं की आठवड्याला 48 च्या वर गेलं की ओव्हरटाइम. मी खुशीत, 12 तासांचा ओव्हरटाइम पक्का म्हणून घरी सांगूनही बसलो. पगाराची स्लिप आली त्यात ओव्हरटाइम शून्य. मला खरंच वाटलं आपल्याला फसवलं. टीम लीडकडे गेलो, ते काटोलकडचे, शांत माणूस, म्हणाले, "तू सोमवारपासून मोजून राहिला ना भाऊ, पेरोलवाले रविवारपासून मोजतात." आणि माझ्याच डायरीत त्यांनी रविवार ते शनिवार अशी रेघ मारून दाखवली.

तुम्हीही मारून बघा. पहिला रविवार मी नव्हतोच, मग सोमवार, मंगळवार, शुक्रवार, शनिवार, चार शिफ्ट, 48 तास. पुढच्या पेरोल आठवड्यात रविवार, बुधवार, गुरुवार, तीन शिफ्ट, 36 तास. एकही आठवडा 48 च्या वर नाही! काम तेच, दमणूक तीच, पण रेघ एक दिवस अलीकडे सरकली आणि 60-24 चं 48-36 झालं. नंतर मी सातही वारांपासून मोजून पाहिलं, फक्त सोमवार आणि शुक्रवारपासून आठवडा धरला तर 60-24 येतं, बाकी पाचही वारांपासून 48-36 किंवा 36-48. रविवारची ही पद्धत जुनी आहे, 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्येसुद्धा आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून धरलेला आणि मर्यादा 48 तासांची (रोजची मर्यादा तिथे 9 तासांची होती, म्हणून बारा तासांची शिफ्ट त्यात नुसत्या आठवड्याच्या हिशोबाने बसत नव्हती, हे पण ध्यानात ठेवा).

म्हणून जॉइन होताना एचआरला दोन गोष्टी सरळ विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. एक, पेरोलचा आठवडा कोणत्या वारी सुरू होतो. दुसरी, जेवणाचा ब्रेक पगारात धरलाय की नाही, कारण अर्धा तास कापत असतील तर शिफ्ट साडेअकरा तासांची होते आणि सरासरी 40.25 वर येते, एक तास कापला तर 38.5, आणि तुम्ही मात्र रूममध्ये तेवढेच असता. वर हँडओव्हरसाठी रोज 15 मिनिटं आधी यायला सांगत असतील तर 14 दिवसांत पावणेदोन तास होतात, ते कुठेच लिहिलेले नसतात.

आता खरी काळजीची गोष्ट, शिफ्ट बदलून घेणं. मूळ रोटा घट्ट विणलेला आहे, तीनपेक्षा जास्त शिफ्ट सलग येत नाहीत आणि कोणतेही सलग सात दिवस घ्या, 5 च्या वर शिफ्ट भरत नाहीत. पण मित्र म्हणतो, माझ्या बहिणीचं लग्न आहे, माझे बुधवार-गुरुवार तू कर, पुढच्या आठवड्यात तुझे बुधवार-गुरुवार मी करतो. ऐकायला सरळ हिशोब. मी केलं, तेही रात्रपाळीच्या फेरीत आणि मे महिन्यात, दिवसा कूलर लावूनही झोप नीट लागत नव्हती. माझा तो पाच शिफ्टचा आठवडा होता, त्यात दोन भर पडली, म्हणजे सोमवार ते रविवार सलग 7 रात्री, 84 तास. मग पुढचा आठवडा अख्खा रिकामा. सरासरी काढा, 42 च! कागदावर काहीच दिसत नाही. मित्राचंही पुढच्या आठवड्यात तसंच झालं, त्याच्याही सलग सात. सहाव्या रात्री पहाटे चारच्या सुमारास मी एक अलार्म ॲक्नॉलेज केला आणि तिकीट टाकायचंच विसरलो, सकाळच्या टीमला तो दिसला म्हणून निभावलं. मला तो अलार्म बंद केल्याचं आठवतसुद्धा नव्हतं, ही गोष्ट मला आजही टोचते.

तेव्हापासून कोणाची शिफ्ट घ्यायची असेल तर मी सरासरी बघत नाही. त्या शिफ्टच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस धरून जेवढे सात-सात दिवसांचे तुकडे पडतात ते सगळे मोजतो, आणि कुठल्याही तुकड्यात 6 आले की नाही म्हणतो. मोठ्या आठवड्यातला नुसता बुधवार घेतला तरी सोमवार ते रविवारमध्ये 6 होतात, 72 तास. छोट्या आठवड्यातला मंगळवार निरागस वाटतो पण मागचे शुक्र-शनि-रवि धरले की तिथेही 6. छोट्या आठवड्यातला शुक्रवार मात्र चालतो, बुध-गुरु-शुक्र असे तीन सलग होतात, मग शनि-रवि सुट्टी, आणि कुठलाही तुकडा 5 च्या वर जात नाही. म्हणून मला कोणी मागितलं तर मी तोच शुक्रवार देतो, लाँग वीकेंडचा एक दिवस जातो पण झोप जात नाही.

सुट्टीचं गणित मात्र या रोट्यात गोड आहे. छोट्या आठवड्यातले बुधवार-गुरुवार रजा टाकली की मागेपुढे सुट्टीच असल्यामुळे सोमवार ते रविवार पूर्ण सात दिवस मिळतात, दोनच शिफ्टच्या रजेत. फक्त रजा कशी कापतात ते बघा, काही ठिकाणी रजेचा दिवस 8 तासांचा धरतात, मग बारा तासांच्या एका शिफ्टला दीड दिवस जातो आणि त्या दोन शिफ्टला तीन. वर्षाला 18 रजा असं लिहिलेलं असेल आणि हिशोब तासांत असेल तर तुमच्या 12 च शिफ्ट सुटणार आहेत, तेवढं धरून पोळ्याची, दिवाळीची रजा आधीच टाकून ठेवा.