इटालियनमधले शब्दखेळ मराठीत आणताना: भिंतीवरच्या तीन घोषणा

इटालियन शिकून अनुवादाकडे वळणाऱ्यांना मी सरावासाठी एकच उतारा देते. कार्लो कोल्लोदीच्या ‘पिनोक्कियो’चं एकतिसावं प्रकरण. लाकडी बाहुल्याची ही गोष्ट १८८१पासून मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः येत होती आणि १८८३मध्ये पुस्तकरूपात आली. या प्रकरणात पिनोक्कियो खेळण्यांच्या देशात पोचतो. तिथे शाळा नाही, मास्तर नाहीत, आणि घरांच्या भिंतींवर मुलांनी कोळशाने घोषणा लिहिल्या आहेत. घोषणा तीनच आहेत, पण शब्दखेळाबाबत घ्यावे लागणारे बहुतेक निर्णय त्यांत भेटतात.

पहिलीत मुलांना ‘खेळण्यांचा विजय असो’ म्हणायचं आहे. खेळणी म्हणजे ‘बालोक्की’. इटालियनमध्ये ‘इ’च्या आधी ‘क’चा उच्चार हवा तर ‘सी’नंतर ‘एच’ लिहावा लागतो. मुलं तो विसरली, त्यामुळे शब्द ‘बालोच्ची’ झाला. दुसरी घोषणा ‘आम्हाला आता शाळा नकोत’ अशी. तिथे ‘स्कुओले’ऐवजी ‘स्कोले’ लिहिलंय, आणि नको तिथे ‘एच’ घुसवलाय. तिसरी, ‘अंकगणित मुर्दाबाद’, सगळ्यांत सुंदर. ‘लारित्मेतिका’ म्हणजे अंकगणित. उपपद शब्दाला चिकटलेलं असल्यामुळे तो कुठे तोडायचा हे मुलांना कळत नाही. ती लिहितात ‘लारीन मेतिका’, दोन्ही शब्दांची सुरुवात मोठ्या अक्षराने. वाचताना वाटतं, लारीन नावाची, मेतिका आडनावाची कुणी बाई आहे आणि पोरं तिच्या नावाने शंख करताहेत.

आता मराठी. इथे मी आधी एक प्रश्न विचारते: हसू नेमकं कुठून येतंय? उत्तर असं, की शाळा नको म्हणणाऱ्यांना शाळेची किती गरज आहे हे त्यांच्याच अक्षरांतून दिसतं. म्हणजे चूक टिकलीच पाहिजे. ती गाळून तीन शुद्ध घोषणा लिहिल्या तर परिच्छेद उभा राहतो, पण त्यातला जीव जातो. तळटीप देऊन ‘मूळ भाषेत इथे स्पेलिंग चुकलेलं आहे’ असं सांगितलं तर वाचकाला माहिती मिळते, हसू मिळत नाही. उरतो पर्याय बदलीचा: मराठी मूल मराठीत करील अशी चूक घालायची.

पण कोणती? ‘खेलनी’, ‘शाला’ हे चटकन सुचतं आणि तिथेच थांबायला हवं. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ ही आपल्याकडे नुसती लेखनातली चूक राहत नाही. ती कुणाच्या तरी घरच्या बोलीकडे, आणि अनेकदा जातीकडे, बोट दाखवते. कोल्लोदी बोलीला हसत नाही, तो अभ्यास टाळण्याला हसतो. म्हणून चूक फक्त लिहिण्यातली हवी. ‘खेळणी’ची मात्रा एक घर सरकवली की ‘खळेणी झिंदाबाद’ होतं. ‘आम्हाला षाळा नको’ तर वाचताना अगदी बरोबर ऐकू येतं आणि डोळ्यांना मात्र टोचतं.

तिसरीत आणखी एक अडचण आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, तेव्हा नाव-आडनावाचा भास नुसत्या लिपीतून येत नाही. ‘अंक गणीत’ लिहिलं तर चूक दिसते, माणूस दिसत नाही. इथे शब्द सोडून युक्ती घ्यावी लागते. युक्ती आहे चुकीच्या जागी तोडण्याची. अंकगणिताऐवजी बेरीज-वजाबाकी घेतली आणि तोड एक अक्षर अलीकडे आणली, की भिंतीवर दिसतं: ‘बेरी जवजाबाकी मुर्दाबाद’. बेरी नावाची, जवजाबाकी आडनावाची व्यक्ती तयार झाली. मूळ शब्द गेला, विषय तोच राहिला, आणि पोरांची फजितीही तशीच.

आणखी एक गोष्ट पाहा. कोल्लोदी स्वतःच प्रत्येक चुकीनंतर कंसात सांगतो की हे अमुक शब्दाऐवजी लिहिलंय. म्हणजे स्पष्टीकरण मूळ लेखनाचाच भाग आहे, आणि ते निवेदकाच्या आवाजात आहे. ते मी ठेवते: ‘(म्हणजे बेरीज वजाबाकी)’. यादीच्या शेवटी तो म्हणतो, ‘आणि अशीच आणखी फुलं’. मराठीत इथे ‘मुक्ताफळं’ आयता बसतो, आणि तो मुळापेक्षाही थोडा जास्त खट्याळ आहे. असं कुठे मिळालं की घ्यावं, कारण दुसरीकडे आपण काहीतरी गमावणारच असतो.

ते गमावणं लगेच आधीच्या प्रकरणात सापडतं. पिनोक्कियोच्या मित्राचं टोपणनाव ‘लुचिन्योलो’, म्हणजे दिव्याची वात, कारण तो रात्रीच्या दिव्यातल्या नव्या वातीसारखा सडसडीत आहे. त्याचं वर्णन करताना ‘आल्लाम्पानातो’ असा शब्द येतो. अर्थ काटकुळा, पण त्याच्या पोटात दिवा लपलेला आहे. ‘वात्या’ हे नाव आणि वातीची उपमा मराठीत आली की मुख्य गंमत आली. तो लपलेला दिवा मी सोडते. तो सोडल्याने पुढे काहीच अडत नाही. कुणी त्यावर हसत नाही, उत्तर देत नाही, भांडत नाही.

हीच गाळण्याची खरी कसोटी आहे. पिनोक्कियोला घडवणाऱ्या म्हाताऱ्या जेप्पेत्तोचं चिडवायचं नाव ‘पोलेन्दिना’ घ्या. त्याचा केसांचा पिवळा टोप मक्याच्या पिठाच्या शिजवलेल्या गोळ्यासारखा दिसतो म्हणून पोरं त्याला तसं म्हणतात. दुसऱ्या प्रकरणात या एका शब्दावरून दोन म्हातारे एकमेकांचे टोप उपटतात. पुढची घटना ज्यावर उभी आहे तो शब्द गाळता येत नाही. नुसता ‘पोलेन्दिना!’ ठेवला तर मराठी मुलाला राग कशाचा आला ते कळणार नाही. मी आधी वर्णनात ‘मक्याचं पिठलं’ म्हणते आणि मग ओरडायला ‘पिठल्या!’ देते. ‘मक्याचं’ या शब्दाने म्हातारा इटलीतच राहतो.

सुटे विनोद मात्र वेगळे. ‘कोल्मो’ नावाचा कोड्यासारखा प्रकार इटलीत लहान मुलांनाही पाठ असतो: माळ्याच्या बाबतीत कहर कोणता? प्रेयसीने त्यालाच ‘प्यान्तारे’ करणं. त्या क्रियापदाचे अर्थ दोन: रोप लावणं आणि कुणाला सोडून देणं. मराठीत ‘त्याच्यावरच कलम लागणं’ म्हटलं की माळी राहिला आणि कोटीही राहिली. प्रेयसी गेली, पण सुट्या विनोदात तिची गरज नव्हती. हाच विनोद कादंबरीत, नुकत्याच प्रेमभंग झालेल्या माणसाच्या तोंडी असेल तर ‘कलम’ चालणार नाही, कारण तिथे प्रेयसीसाठीच तो सांगितला जातोय. मग कोटी कमजोर झाली तरी चालेल, जखम दिसली पाहिजे. चित्रपटाच्या सबटायटलमध्ये तर वाक्य दोन ओळींत संपवायचं असतं आणि नट हसत असतो. तिथे समजावून सांगायला जागाच नाही, बदली किंवा गाळणं एवढंच हातात उरतं.

एक कामाची सूचना. हेतुपुरस्सर केलेल्या चुकांची पानवार यादी हस्तलिखितासोबत द्या आणि प्रत्येक चुकीपुढे ‘असंच ठेवावे’ लिहा. नाहीतर मुद्रितशोधक ‘षाळा’ची ‘शाळा’ करतो. ते त्याचं कामच आहे. पहिलं प्रूफ आलं की आधी तीच पानं उघडा, आणि अंतिम प्रूफमध्येही पुन्हा बघा, कारण ‘बेरी जवजाबाकी’मधली मोकळी जागा मजकूर ओळीत बसवताना सरकू शकते.