आवडत्या बाईंच्या निरोपाचं भाषण: एका आठवणीभोवती कसं बांधावं

विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून निरोपाचं भाषण करायचं ठरलं की बहुतेक मुलं 'प्रेमळ, शिस्तप्रिय, कष्टाळू' असे शब्द जमवत बसतात. हे शब्द कुठल्याही शिक्षकांना लागू पडतात, म्हणून ऐकणाऱ्याच्या मनात काही उभं राहत नाही. त्याऐवजी एक प्रसंग शोधा.

तो एकट्याच्या आठवणीतून काढू नका. आठ-दहा वर्गमित्रांना विचारा, "बाई असं काय करतात, जे दुसरं कुणी करत नाही?" "बाई कशा आहेत?" असं विचारलंत, तर पुन्हा "छान आहेत" हेच कानावर पडेल.

समजा, गणिताच्या बाईंबद्दल तिघांनी एकच गोष्ट सांगितली: फळ्यावर गणित चुकलं तर बाई ते पुसत नाहीत. जिथपर्यंत बरोबर आहे तिथे खडूने रेघ मारतात आणि म्हणतात, "इथपर्यंत आलास ना? आता इथून पुढे बघ." भाषण इथेच मिळालं. प्रसंग दुसऱ्याचा असेल तर त्याला आधी विचारा, आणि तो नको म्हणाला तर त्याचं नाव वगळा.

लिहिताना संबोधन एका ओळीत संपवा आणि लगेच फळ्यापाशी या:

"आदरणीय मुख्याध्यापक, शिक्षकवृंद आणि मित्रांनो, सातवीत असताना मी फळ्यावर एक समीकरण सोडवत होतो. तिसऱ्या पायरीला चुकलो. मला वाटलं, बाई आता डस्टर उचलणार..."

पुढे काय झालं ते सांगा. मग 'मी'वरून 'आम्ही'वर या, कारण तुम्ही सगळ्यांच्या वतीने उभे आहात: "त्या रेघेमुळे आमच्या वर्गात फळ्यापाशी जायला कुणी घाबरेनासं झालं."

बाई का चालल्या आहेत, हे त्यांनी स्वतः सांगितलं असेल तरच बोला. बदली किंवा निवृत्ती सगळ्यांना माहीत असते, पण घरगुती कारणाचा अंदाज व्यासपीठावरून बोलून दाखवला तर त्यांना अवघडल्यासारखं होतं.

इतका वेळ बाईंविषयी बोललात, आता शेवटच्या दोन ओळींसाठी त्यांच्याकडे वळा आणि थेट त्यांच्याशी बोला: "बाई, नव्या शाळेतल्या मुलांनाही तुमची ती रेघ मिळू दे. आमच्या वह्यांत ती आहे." इथे थांबा. यापुढे सुविचार किंवा चारोळी जोडली की हे वाक्य विरून जातं.

तीन मिनिटांसाठी साधारण तीनशे शब्द पुरतात. घरी मोठ्याने तीनदा म्हणा. बहुतेकांचा गळा शेवटच्या दोन ओळींपाशीच दाटतो. कागदावर तिथे खूण करा, त्याआधी श्वास घ्या आणि त्या दोन ओळी मात्र पाठ ठेवा, कारण डोळे भरले की अक्षरं दिसत नाहीत.