स्मूदी बोलमध्ये वरची सजावटच जड पडते

स्मूदी बोलच्या कॅलरी मोजताना बहुतेक जण मिक्सरमध्ये काय गेलं तेवढंच धरतात. एक गोठवलेलं केळं, 100 ग्रॅम स्ट्रॉबेरी आणि 100 ग्रॅम साधं दही मिळून साधारण 185 कॅलरी होतात. त्यावर मूठभर म्हणून सहज पडणारा 50 ग्रॅम ग्रॅनोला एकटाच 230च्या आसपास जातो. चमचाभर चिया, थोड्या भोपळ्याच्या बिया आणि अर्ध्या केळ्याच्या चकत्या घातल्या की वरचा थर 400 ओलांडतो, म्हणजे खालच्या स्मूदीच्या दुप्पट.

यात फळांचा दोष फारसा नाही, त्यांत बरंचसं पाणीच असतं. ग्रॅनोला मात्र तेल आणि मध लावून कोरडा भाजलेला असतो आणि बियांमध्ये मुळातच तेल भरपूर. म्हणून डोळ्यांना थोडं दिसतं तेच जास्त भरतं.

उपाय साधा आहे. स्मूदी भरलेला बोल वजनकाट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि ग्रॅनोला 20 ग्रॅमवर थांबवा. बिया कुठल्याही एकाच प्रकारच्या, एक चमचा. उरलेली जागा ताज्या स्ट्रॉबेरीने भरा. वरचा थर 180च्या आत राहतो.

स्मूदी पातळ झाली तर ग्रॅनोला बुडतो, दिसेनासा होतो आणि हात पुन्हा बरणीकडे जातो. त्यामुळे पाणी किंवा दूध न घालता गोठवलेल्या फळांवरच ती घट्ट फिरवा, आणि ग्रॅनोला अगदी खायच्या वेळी घाला.