ताणाची प्रश्नावली झेरॉक्सला देण्याआधी

बारावीच्या मुलांच्या ताणावर प्रश्नावली करताय ना? मग कच्चा मसुदा आणि लाल पेन घेऊन बसा. पहिल्या वाचनात फक्त ‘आणि’, ‘व’, ‘किंवा’ शोधा. ‘तुम्हाला अभ्यासाचा आणि घरच्यांच्या अपेक्षांचा ताण येतो का?’ ज्याला अभ्यास झेपतो, पण मार्कांवरून घरी बोलणी खावी लागतात, त्याने टिक कुठे करायची? सरळ दोन प्रश्न करा.

‘आणि’ सापडतो तरी. खरा चकवा ‘-मुळे’ देतो. ‘परीक्षेच्या भीतीमुळे माझी झोप कमी झाली आहे’ या एका वाक्यात झोपही विचारली आहे आणि तिचं कारणही. हॉस्टेलच्या गोंगाटाने चारच तास झोपणारी मुलगी प्रामाणिकपणे ‘असहमत’ लिहील, आणि आकडे मांडताना तुम्ही तिला नीट झोपणाऱ्यांत मोजाल. ही चूक नंतर कोणत्याही गणिताने निघत नाही, म्हणून आत्ताच फोडा. आधी विचारा, ‘गेल्या सात दिवसांत रात्री साधारण किती तास झोपलात?’ मग, ‘झोप नेहमीपेक्षा कमी झाली असल्यास मुख्य कारण कोणतं?’ पर्यायांत अभ्यास, काळजी, मोबाइल, गोंगाट, आजारपण, इतर आणि ‘झोप कमी झाली नाही’ हेही हवं.

दुसऱ्या वाचनात विशेषणं काढा. ‘आजच्या जीवघेण्या स्पर्धेत तुम्हाला किती ताण जाणवतो?’ असं विचारल्यावर ‘नाही’ म्हणणाराच ओशाळतो. ‘किती’ या शब्दातही ताण आहेच असं गृहीत धरलेलं आहे. ‘खूप, बराच, थोडा’ एवढेच पर्याय दिले तर सुटकाच नाही. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात अभ्यासाचा ताण किती वेळा जाणवला?’ विचारून ‘कधीच नाही’पासून ‘खूप वेळा’पर्यंत पाच पायऱ्या द्या. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये मांडलेल्या ताणमापन श्रेणीची धाटणी अशीच आहे. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत चार प्रश्न सकारात्मक बाजूने विचारलेले आहेत. त्यांचे गुण उलटवून मोजतात, म्हणजे तिथे ‘खूप वेळा’ला सर्वांत कमी गुण. तुम्हीही असे प्रश्न घालणार असाल तर कोणते उलटवायचे ते आत्ताच लिहून ठेवा. पण ‘मला ताण येत नाही’सारखं नकारार्थी विधान देऊन सहमती विचारू नका, त्यावर ‘असहमत’ लिहिताना मोठी माणसंही गडबडतात.

शीर्षकही तपासा. फॉर्मवर ‘विद्यार्थ्यांमधील वाढता ताण’ छापलंत की उत्तर तुम्हीच सांगून टाकलंत. ‘विद्यार्थ्यांची दिनचर्या आणि अनुभव’ पुरे. (मार्गदर्शकांना भारदस्त शीर्षक हवं असेल तर ते प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर घाला.)

शेवटी पाच-सहा मुलांकडून एकेकट्याने, मोठ्याने वाचत फॉर्म भरून घ्या. प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, ‘तुला यात काय विचारलंय असं वाटलं?’ पेन अडखळलं किंवा ‘म्हणजे कधीचं, सर?’ असं आलं की तिथे खूण करा. मूल उत्तरादाखल ‘तसं हो, पण...’ म्हणालं, तर त्या प्रश्नात अजून दोन प्रश्न शिल्लक आहेत.