220 µF लावूनही रिपल 150 मिलिव्होल्ट: बक कन्व्हर्टरचा आउटपुट कपॅसिटर निवडताना

बक कन्व्हर्टर पहिल्यांदाच स्वतः डिझाइन करत असाल, तर माझ्या पहिल्या बोर्डाची ही हकिगत उपयोगी पडेल. 12 व्होल्टमधून 3.3 व्होल्ट, लोड 3 अँपिअर, स्विचिंग 500 किलोहर्ट्झ, इंडक्टर 4.7 µH. ड्युटी सायकल 0.275. इंडक्टरमधला रिपल करंट, करंट कधीच शून्यावर येत नाही असं धरून, असा निघतो:

```
ΔI = Vout × (1 − D) / (L × f)
   = 3.3 × 0.725 / (4.7 µH × 500 kHz) ≈ 1.02 A
```

म्हणजे लोडच्या साधारण एक तृतीयांश. शिखर 3.5 अँपिअरच्या थोडं वर जातं, त्यामुळे इंडक्टरचा सॅच्युरेशन करंट त्याहून बराच जास्त हवा. हा भाग माझा बरोबर होता. चूक झाली ती कपॅसिटरमध्ये.

इंडक्टरच्या करंटचा सरासरी भाग लोडकडे जातो आणि वरचा त्रिकोण कपॅसिटरमध्ये ये-जा करतो. अर्ध्या आवर्तनात सरासरीच्या वर राहिलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढा: पाया T/2, उंची ΔI/2, म्हणून चार्ज ΔI·T/8. त्याला C ने भागलं की रिपल व्होल्टेज: ΔI/(8·f·C). सूत्रातला 8 इथून येतो, आणि एकदा कागदावर काढून पाहिला की पुन्हा विसरत नाही.

मी 220 µF चा इलेक्ट्रोलिटिक घेतला. हिशोब सांगत होता 1.2 मिलिव्होल्ट. स्कोपवर दिसले 150. आधी प्रोबवर संशय आला, कारण लांब ग्राउंड वायरमुळे स्विचिंगचे काटे दिसतातच. ती काढून छोटी ग्राउंड स्प्रिंग लावली, काटे गेले, 150 मात्र तसेच राहिले. मग 220 च्या जागी त्याच मालिकेतला, जवळपास तेवढ्याच ESR चा 330 लावला. आकड्यात जवळपास काहीच फरक नाही.

उत्तर वेव्हफॉर्मच्या आकारातच होतं. सरळ रेषांचा त्रिकोण: 0.55 मायक्रोसेकंद चढ, 1.45 मायक्रोसेकंद उतार, अगदी इंडक्टर करंटचीच प्रतिमा. कपॅसिटन्समुळे येणारा रिपल असा नसतो. तो त्रिकोणाचं इंटिग्रल असल्यामुळे गोलसर कमानींचा दिसतो. सरळ त्रिकोण दिसला की समजायचं, करंट रोधातून जातोय आणि तो रोध कपॅसिटरचा ESR आहे. डेटाशीटमध्ये 0.15 ओहम लिहिलेला होता. 1.02 × 0.15 म्हणजे 153 मिलिव्होल्ट. मायक्रोफॅरडचा आकडा वाचताना ती ओळ मी वाचलीच नव्हती. तेव्हापासून मी आधी ESR गुणिले ΔI करतो आणि मगच C कडे वळतो.

मग 22 µF चे दोन सिरॅमिक लावले. त्यांचा ESR काही मिलिओहमच असतो. 44 µF ला 5.8 मिलिव्होल्ट यायला हवे होते, आले 12 च्या आसपास, आणि आता आकार कमानींचा होता. म्हणजे या वेळी खरंच कपॅसिटन्स कमी होता. X5R सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज पडलं की त्याची किंमत घसरते. उत्पादकाच्या वक्रावर 3.3 व्होल्टला माझा 22 चा भाग 11 µF च्या जवळ उरत होता. वक्र त्याच केस साइझचा आणि त्याच पार्ट नंबरचा पाहायचा, कारण लहान केसमध्ये घसरण साधारणपणे जास्त असते.

12 मिलिव्होल्ट मला पुरेसे होते, म्हणून इथेच थांबणार होतो. तेवढ्यात 3 अँपिअरचा लोड एकदम काढून पाहिला आणि आउटपुट 3.7 व्होल्टला उडालं. लोड गेला तरी इंडक्टरमधली ऊर्जा आहे तिथेच असते, आणि तिला कपॅसिटरशिवाय जायला जागा नसते. वरच्या बाजूला 5 टक्के सूट, म्हणजे 3.465 व्होल्ट धरले तर:

```
C = L × Ipk² / (Vmax² − Vout²)
  = 4.7 µH × 3.5² / (12.0 − 10.9) ≈ 52 µF
```

हे 52 µF डीसी व्होल्टेज लागल्यानंतरचे हवेत. म्हणजे रिपलसाठी दोन पुरले, तरी लोड सुटण्यासाठी तेच 22 µF चे पाच लागले. माझ्या अनुभवात कमी व्होल्टेजच्या, मोठ्या करंटच्या आउटपुटला कपॅसिटरची संख्या बहुतेकदा हाच हिशोब ठरवतो, रिपल नव्हे.

एक काळजी मात्र घ्या. इलेक्ट्रोलिटिकचा ESR कंट्रोल लूपला फेज देत असतो. 220 µF आणि 0.15 ओहमचा झिरो 5 किलोहर्ट्झच्या आसपास येतो. सिरॅमिक लावले की तो कितीतरी वर सरकतो. लोड बदलल्यावर आउटपुट दोन-तीनदा झुलून स्थिरावत असेल, तर अजून कपॅसिटर जोडत बसू नका, कॉम्पेन्सेशनचे भाग नव्याने काढा. मला तेही करावं लागलं.