गेलेल्या मेंबरला परत बोलावताना

जिममध्ये किंवा एखाद्या सबस्क्रिप्शन सेवेत मेंबरशिपच्या कामाला लागलात की लवकरच एक एक्सेल फाइल हातात पडते. मुदत संपली पण रिन्यू केलं नाही, अशा लोकांची यादी. सोबत तोंडी सूचना: "यांना काहीतरी ऑफर पाठवा." मी बरीच वर्षं हेच काम करते आहे आणि नव्याने आलेल्यांना एकच सांगते, ऑफरचं नंतर बघू, आधी त्या फाइलमध्ये एक रकाना वाढवून घ्या: शेवटच्या चेक-इनची तारीख. ऑनलाइन सेवा असेल तर शेवटच्या वापराची.

कारण मेंबर मुदत संपते त्या दिवशी जात नाही. वर्षाची फी भरलेला माणूस कितीदा तरी मधेच यायचा बंद झालेला असतो, कागदावर तो मेंबर असतो इतकंच. आता एकाच तारखेला मुदत संपलेली दोन माणसं घ्या. एक जण शेवटच्या आठवड्यापर्यंत येत होता, दुसरा सात महिन्यांपूर्वीच यायचा थांबलेला. पहिल्याची सवय शाबूत आहे. त्याचं काहीतरी वेगळं अडलंय: वेळ बदलली, पैसे अडले, आवडता ट्रेनर गेला, कुणाशी वाजलं. दुसरा फी भरलेली असूनही सात महिने आला नाही. त्याच्या बाबतीत फी ही अडचण नव्हतीच, त्यामुळे फी कमी करून तो येईल ही आशा फोल. त्याला सूट देऊ केली की त्याला फक्त वाया गेलेले पैसे आठवतात.

रकाना भरून झाला की यादीतून काही नावं बाजूला काढा. ज्यांचं ऑटो-डेबिट फेल झालं किंवा कार्डाची मुदत संपली, ते सोडून गेलेलेच नाहीत. त्यांना त्याच दिवशी पेमेंटची लिंक आणि एक साधी ओळ पुरते, ऑफर मुळीच नको. ज्यांची तक्रार किंवा रिफंड अजून लटकलाय त्यांचा प्रश्न आधी मिटवा. "मेसेज करू नका" म्हटलेल्यांना वगळा. आणि दुसऱ्या मोबाइल नंबरवरून परत आलेले शोधून काढा, नाहीतर काल पूर्ण फी भरून आलेल्या बाईंना आज "परत या, खास सवलत" जातं आणि रिसेप्शनवर नको ती चर्चा होते.

आता वेळ. शेवटपर्यंत येणाऱ्याला मुदत संपल्यावर आठवडाभरात फोन करा. मेसेज नाही, फोन. आणि विकायला नाही, विचारायला. "सर, रिन्यूअल दिसलं नाही म्हणून विचारते, काही अडचण आली का?" यावर जे उत्तर येतं तेच पुढची तारीख ठरवतं. एकांनी मला सांगितलं, "गुडघ्याचं दुखणं आहे, डॉक्टरांनी दोन महिने थांबायला सांगितलंय." अशा माणसाला पंधरवड्याने कॅम्पेनचा मेसेज जाणं म्हणजे आपण ऐकलंच नाही याचा पुरावा. त्यांच्या नावापुढे कारण आणि दोन महिन्यांनंतरची तारीख टाकायची, एवढंच. पुढच्या वेळी अशा लोकांना मेंबरशिप फ्रीज करायचा पर्याय आधीच सांगितलेला असला तर ते या यादीत येतच नाहीत, पण तो वेगळा विषय.

बऱ्याच आधी यायचा थांबलेल्याला घाई करून उपयोग नाही. त्याच्यासाठी मी अशा तारखा धरते जेव्हा माणूस आपणहून नव्याने सुरुवात करायच्या मनःस्थितीत असतो: नव्या वर्षाचा पहिला पंधरवडा, लांब सुट्टी संपल्यानंतरचा आठवडा, महिन्याची पहिली तारीख. दोन मेसेज, मधे तीनेक आठवडे. उत्तर नाही आलं तर पुढच्या हंगामापर्यंत शांत बसायचं.

मेसेजचे शब्दही इथे महत्त्वाचे. "कुठे गायब झालात? तुमची वाट बघतोय!" हे गमतीत लिहिलेलं असतं, पण जो आधीच ओशाळलेला आहे त्याला ते टोमण्यासारखं लागतं. त्याची खरी भीती असते की दम टिकणार नाही आणि लोक बघतील. म्हणून मी लिहिते: "पुन्हा सुरुवात करायची असेल तर पहिले दोन आठवडे हलका प्लॅन करून देतो. ट्रेनर सोबत असेल, रोज अर्धा तास पुरे." परत यायची पायरी जितकी बुटकी, तितकं बरं.

यातूनच ऑफर ठरते. मासिक फीवर सूट ही माझी शेवटची निवड. एकदा कमी दराने आत आलेल्याला पुढच्या वेळी मूळ दर महाग वाटतो, नियमित भरणाऱ्यांना कळलं की ते चिडतात, आणि काही हुशार मंडळी मुदत संपली की मुद्दाम थांबायला शिकतात. त्यापेक्षा जॉइनिंग फी माफ करा, कारण ती एकदाचीच असते आणि दराला धक्का लागत नाही. सवय तुटलेल्यांना ट्रेनरसोबतची सुरुवातीची काही सत्रं द्या. वर्षभराचं ओझं नको असलेल्यांना छोट्या मुदतीचा प्लॅन. पैशांचीच अडचण आहे असं ज्यांनी स्वतः सांगितलं, त्यांच्यासाठी कमी गर्दीच्या वेळेचा स्वस्त प्लॅन असतो. तिथे दर कमी असण्याला कारण दिसतं.

शेवटी हिशेब, आणि इथेच बहुतेक कॅम्पेनचं खोटं यश तयार होतं. काही लोक आपण काही न करताही परतणारच असतात. ते किती हे कळायला यादीतला एक भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडून बाजूला ठेवा आणि त्यांना काहीच पाठवू नका. समजा यादी ६०० जणांची आहे. १२० बाजूला ठेवले, ४८० जणांना "एक महिना मोफत" पाठवलं. ४८० पैकी ३६ आले, म्हणजे साडेसात टक्के. बाजूला ठेवलेल्या १२० पैकी ६ आपणहून आले, म्हणजे पाच टक्के. या पाच टक्क्यांच्या हिशेबाने ४८० पैकी २४ जण तसेही आले असते. कॅम्पेनची खरी कमाई १२ मेंबर. मोफत महिना मात्र त्या २४ जणांनाही दिला, ज्यांनी तसेही पैसे भरले असते, म्हणजे प्रत्येक खऱ्या मेंबरमागे दोन महिन्यांची फी गेली. हे १२ जण पैसे भरून दोन महिने टिकले तरी हातात काही उरत नाही, कारण तेवढं तर आधीच देऊन बसलो.

एक सावधगिरी: १२० मधले ६ हा फार छोटा आकडा आहे. पुढच्या खेपेला तिथे ३ येतील किंवा १० येतील, आणि निष्कर्ष उलटा होईल. म्हणून एका फेरीवरून ऑफर चांगली की वाईट हे ठरवू नका. तीच ऑफर, तशीच यादी, दोन-चार फेऱ्यांचे आकडे एकत्र करून मग बोला. मालक घाई करतील. त्यांना दोन्ही गटांचे आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा.

दरम्यान लवकर कळणारी एक खूण आहे: परत आलेल्यांचे पहिल्या दोन आठवड्यांतले चेक-इन. जो या काळात एकदाच येऊन गेला, तो माझ्या अनुभवात पुन्हा त्याच फाइलमध्ये जायच्या वाटेवर असतो. त्याला तिसऱ्या आठवड्यात ट्रेनरनेच फोन करायचा. ऑफिसमधून नको, ज्याच्यासोबत त्याने पहिलं सत्र केलं त्याच ट्रेनरने.