एमआरची कुपी आठवड्यातून एकाच वारी फोडा

गोवर-रुबेलाच्या पाच डोसांच्या कुपीत द्रावक घातले की चार तासांत ती संपवावी लागते. उरलेले डोस टाकूनच द्यायचे. पेंटाव्हॅलंटची उघडी कुपी नीट थंड ठेवली तर अठ्ठावीस दिवस चालते, म्हणून दोघींचा हिशेब एकत्र करू नका.

समजा डिचोलीच्या एका छोट्या क्लिनिकात महिन्याला दहा बाळे येतात. ती सात वेगवेगळ्या दिवशी आली तर सात कुप्या फुटतात, म्हणजे ३५ पैकी २५ डोस वाया. तीच बाळे दोन गुरुवारी, सहा आणि चार अशी बोलावली तर तीन कुप्या लागतात आणि वाया जातात पाच. महिन्याचा साठा मग तीन कुप्या, वर एक राखीव. त्याहून जास्त फ्रिजमध्ये ठेवू नका. पावसात वीज गेली तर तेवढाच साठा धोक्यात येईल. चवथीच्या आठवड्यात माणसे गावी जातात, तो गुरुवार आधीच पुढे ढकला.

द्रावक त्याच कंपनीचे हवे आणि आदल्या दिवसापासून २ ते ८ अंशांत ठेवलेले हवे. मिसळल्याची वेळ लगेच कुपीवर लिहा. लिहिलेली नसेल तर ती कुपी फेकाच, अंदाज नको.

एक मात्र मनापासून सांगतो: लांबून आलेले, पुन्हा येईल याची खात्री नसलेले बाळ समोर असेल तर एकट्या त्याच्यासाठीसुद्धा कुपी फोडा. चार डोस गेले तरी चालतील.